आषाढात तहानलेलं रोप

गेल्या जुलैत आमचा कढीपत्ता मेला. बाहेर आठवडाभर झड लागलेली, रस्त्यावर पाणी, कपडे वाळत नव्हते, आणि गॅलरीतल्या कुंडीतली माती मात्र कडेपासून सुटून आत आक्रसलेली. मी रोज पाऊस बघत होतो, म्हणून पाणी घालत नव्हतो. आमची गॅलरी पूर्वेला आहे आणि पुण्यात पाऊस येतो पश्चिमेकडून, नैऋत्येकडून. वर चौथ्या मजल्याचा स्लॅब. त्या कुंडीत महिनाभरात वाटीभर तरी पाणी पडलं असेल की नाही, शंकाच आहे.

यंदा मृगाचा पाऊस झाला आणि सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या अलीकडे असलेल्या एका लहानशा नर्सरीचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला. नवराबायको मिळून दीड एकरात नर्सरी चालवतात. निरोप ताईंनीच लिहिलेला असतो, त्यामुळे त्यात 'निसर्गाच्या सान्निध्यात' वगैरे काही नसतं. होता तो असा :

'पाऊस झाला, रोपं तयार. मोगरा डबल ५×७ – ४० रु. जास्वंद लाल ६×८ – ५० रु. कढीपत्ता ५×७ – ३० रु. कागदी लिंबू रोप ६×८ – ६० रु., गुटी ८×१० – १८० रु. सोनटक्का ८×१० – ८० रु. तुळस, गवती चहा, पानओवा – २० रु. ऑर्डर कमीत कमी ५०० रु. पोच बुधवार-शनिवार, टेंपो १५० रु. निम्मे पैसे आगाऊ. रोप खराब निघाल्यास तीन दिवसांत फोटो पाठवा, बदलून देऊ.'

एवढ्या आठ-दहा ओळींत विकत घेणाऱ्याला लागणारं बहुतेक सगळं आलेलं आहे, फक्त ते वाचता यायला हवं. मला ते वाचायला तीन पावसाळे आणि बरीच रोपं लागली.

सुरुवात त्या आकड्यांपासून. ५×७, ६×८, ८×१० हे पिशवीचे इंच. पण ही मापं रिकाम्या, चपट्या पिशवीची असतात. पाच इंच रुंद चपटी पिशवी मातीनं भरली की तिचा घेर होतो दहा इंच, आणि दहा इंच घेराचा व्यास भरतो जेमतेम सव्वातीन इंच. म्हणजे ५×७ चा मोगरा चहाच्या कपाएवढ्या तोंडाच्या पिशवीत उभा असतो. ८×१० ऐकायला भरभक्कम वाटतं, पण भरल्यावर त्याचा व्यास पाच इंच. पहिल्यांदा मागवलेली रोपं टेंपोतून उतरली तेव्हा मला फसवणूक झाल्यासारखं वाटलं होतं. फसवणूक नव्हती. सगळ्या नर्सऱ्या असंच माप सांगतात, आणि दरही त्याच मापावर ठरतो, कारण मोठ्या पिशवीतलं रोप जास्त महिने सांभाळलेलं असतं. उंची बघून दर विचारणारं गिऱ्हाईक नर्सरीवाल्यांना नवखं वाटतं. सावलीत दाटीनं ठेवलेलं रोप आपोआपच उंच आणि किडकिडीत वाढतं, त्यामुळे उंचीला फारसा अर्थ नाही. बुंध्याची जाडी आणि पिशवीचं माप बघावं.

पुढचा शब्द 'गुटी'. निरोपात कागदी लिंबू दोनदा आहे, रोप साठ रुपये आणि गुटी एकशेऐंशी. हा तिप्पट फरक कशाचा? साठ रुपयांचं रोप बीपासून केलेलं. लिंबाच्या एका बीतून बऱ्याचदा दोन-तीन कोंब निघतात आणि त्यातले बहुतेक हुबेहूब आईसारखे असतात. त्यामुळे कागदी लिंबाचं बीरोप जातीला फसवं निघत नाही, शेतकरीही बागेत तेच लावतात. फसवतो तो वेळ. बीरोपाला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात, कुंडीत त्याहून जास्त. गुटी कलमात मोठ्या झाडाच्या फांदीची बोटभर साल गोल काढतात, तिथे ओलं शेवाळ बांधून वर प्लास्टिक गुंडाळतात आणि मुळं फुटली की फांदी कापून पिशवीत लावतात. ती फांदी वयानं मोठ्या झाडाचीच असते, त्यामुळे दोन वर्षांत फुलते, क्वचित आधीही. गॅलरीत लिंबू हवंच असेल तर गुटी घ्यावी. पण मग गुटीला सोटमूळ नसतं हे ध्यानात ठेवून तिला काठीचा आधार द्यावा लागतो, नाहीतर आषाढातल्या वाऱ्यानं ती मुळापाशी हलत राहते आणि नव्यानं फुटलेली कोवळी मुळं तुटतात.

निरोपासोबतचे फोटो मात्र मी आता बघत नाही. मोगऱ्याचा फोटो कळ्यांनी लगडलेला होता. मोगरा उन्हाळ्यात फुलतो. जूनमध्ये त्याचा बहर सरत आलेला असतो, आणि पावसाळ्यात आलेली चार फुलं भिजून तपकिरी होतात. आज घेतलेल्या मोगऱ्याची खरी फुलं पुढच्या उन्हाळ्यात. तोवर तो फक्त पानं दाखवणार, हे ठाऊक असेल तर चाळीस रुपये वाया गेले असं वाटत नाही.

आता निरोपात नसलेली गोष्ट. ती नर्सरीवाले लिहूच शकत नाहीत, कारण ती आपल्या घरातली आहे. गॅलरीत ऊन किती येतं? 'भरपूर येतं' हे उत्तर नव्हे. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दर तासाला डोकावून ऊन कुठल्या फरशीवर आहे ते बघावं. ढगाळ दिवसांत हे जमत नाही, म्हणून मधली उघडीप गाठावी. यात एक गोम आहे. पुण्यामुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. त्या काळात उत्तरेच्या गॅलरीला ऊन मिळतं आणि दक्षिणेची गॅलरी सावलीत असते. थंडीत नेमकं उलटं. दक्षिणेची गॅलरी ऊन खाते आणि उत्तरेच्या गॅलरीत सूर्याचा कवडसाही येत नाही. जूनमध्ये उत्तरेच्या गॅलरीत ऊन बघून मोगरा घेणारा माणूस डिसेंबरात चुकचुकतो. दक्षिणवाला जूनमध्ये 'आमच्याकडे काही जगत नाही' म्हणतो आणि खरं तर त्याच्याकडेच सगळ्यात चांगली जागा असते.

दुसरी गोष्ट पावसाची. पश्चिमेच्या गॅलरीत पाऊस थेट कुंड्यांत कोसळतो, पूर्वेच्या गॅलरीत त्याचा शिंतोडाही येत नाही. दोन्हीकडे हवा सारखीच दमट. त्या दमट हवेमुळेच पावसाळा लागवडीला चांगला. पानांतून पाणी कमी उडतं आणि मुळं दुखावलेलं रोप चार दिवस तग धरू शकतं. पण हवा दमट म्हणजे माती ओली नव्हे, आणि माझा कढीपत्ता या दोन वाक्यांमधल्या फटीत गेला.

यंदा मी वरच्या मजल्यावरच्या काकूंबरोबर ऑर्डर दिली. कारण सरळ आहे. आमच्या गॅलरीला सकाळचं साडेतीन तास ऊन येतं. त्यात लिंबू आणि मोगरा बसत नाहीत, दोघांनाही पाच-सहा तास लागतात. ते वगळून तुळस, गवती चहा, पानओवा, कढीपत्ता, एक जास्वंद आणि सोनटक्का एवढं धरलं तर होतात दोनशेवीस रुपये. पाचशे भरायला आणखी काहीतरी घ्यायचं, ही सेलची जुनी चाल. त्या 'आणखी काहीतरी'ची रोपंच सगळ्यात आधी मरतात, कारण ती हवी म्हणून घेतलेलीच नसतात. काकूंची गॅलरी पश्चिमेला, ऊन दुपारनंतर सणसणीत. त्यांनी गुटी लिंबू, दोन मोगरे आणि एक जास्वंद घेतलं, तीनशेदहा रुपये. मिळून पाचशेतीस, वर टेंपोचे दीडशे. टेंपोचा वाटा पंच्याहत्तर रुपयांवर आला, दोनशेपासष्ट रुपये यूपीआयने आगाऊ गेले.

ऑर्डर देताना लिहायचं काय, हेही शिकावं लागलं. नुसतं 'जास्वंद १' लिहिलं तर त्या दिवशी जी हाताशी असेल ती येते. आम्ही प्रत्येक ओळीत नाव, रंग किंवा प्रकार, पिशवीचं माप आणि नग लिहिले, आणि खाली 'नसेल तर दुसरं देऊ नका, कळवा' असं जोडलं. कितवा मजला, लिफ्टमधून नेता येईल का, हे टेंपोवाल्याला लागतं. शेवटी एक प्रश्न विचारला : 'रोपं उचलून किती दिवस झाले?'

हा प्रश्न ऐकून ताई हसल्या. फोनवर म्हणाल्या, "कुणीतरी शिकवलेलं दिसतंय." नर्सरीत पिशव्या जमिनीवर रांगेनं ठेवलेल्या असतात. महिना-दोन महिन्यांत पिशवीच्या भोकांतून मुळं खालच्या जमिनीत उतरतात आणि रोप खरं तर पिशवीवर नाही, जमिनीवर जगू लागतं. ते टवटवीत दिसतं ते त्यामुळेच. विक्रीच्या दिवशी पिशवी उपटली की ही मुळं तुटतात. रोप टेंपोत ठीक दिसतं, तिसऱ्या दिवशी माना टाकतं, आणि आपण पाणी जास्त झालं की कमी यावर घरात वाद घालत बसतो. चांगले नर्सरीवाले महिन्या-दीड महिन्यानं पिशव्यांच्या जागा हलवतात, खाली प्लास्टिक अंथरतात, आणि विकायच्या आठ-दहा दिवस आधी रोपं उचलून सावलीत वेगळी लावतात. त्यातली जी तगतात तीच गाडीत चढतात. "तुमची परवाच उचललीत, पुढच्या बुधवारी पाठवते," असं ताई म्हणाल्या. मी आठवडाभर थांबलो. रोपं समोरासमोर घेत असाल तर पिशवी उचलून तळ बघावा. तुटलेलं जाडसर मूळ लोंबत असेल तर ती आजच उचललेली आहे.

बुधवारी रोपं आली. त्या दिवशी त्यांना कुंडीत लावायची घाई करू नये. प्रवासात हेलपाटलेलं रोप लगेच पिशवीतून काढलं तर त्याला एकाच आठवड्यात दोन धक्के बसतात. आम्ही ती चार दिवस पिशवीसकट, उजेड येईल पण ऊन येणार नाही अशा कोपऱ्यात ठेवली, आणि जुन्या झाडांपासून लांब. लांब ठेवण्याचं कारण पिठ्या ढेकूण. जास्वंदाच्या पानाच्या बेचक्यात, कोवळ्या शेंड्यात कापसाचा कण चिकटल्यासारखा दिसतो, तो हा. यंदा काकूंच्या जास्वंदावर तो निघाला. त्यांनी फोटो पाठवला, ताईंनी बदलून देते म्हटलं, पण काकूंनी कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवून सगळं पुसून काढलं आणि तीन-तीन दिवसांनी आणखी दोनदा पुसलं. गेला. पूर्ण झाडावर पसरल्यावर इतक्या स्वस्तात तो जात नाही.

चार दिवसांनंतर संध्याकाळी लावणी. इथे लाल मातीच्या गोळ्याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण गॅलरीतली बरीच रोपं त्यातच संपतात.

पुण्याच्या पूर्वेला जमीन काळी. नर्सरीवाले पिशव्या भरायला सह्याद्रीच्या बाजूकडून लाल माती आणवतात. शोभेची पुष्कळ रोपं तर आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकनं येतात, तीही लाल मातीतच. त्यामागे कारण आहे. काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते, त्यात पिशवीतली मुळं तुटतात. लाल माती गोळा धरून राहते, टेंपोतल्या गचक्यांनी फुटत नाही. नर्सरीत रोज दोन वेळा पाइपनं पाणी मिळतं, तिथे हा गोळा उत्तम चालतो.

घरी आपण काय करतो? कोकोपीट आणि गांडूळखताचं भुसभुशीत मिश्रण कुंडीत भरतो, मधे हा गोळा जसाच्या तसा ठेवतो, आणि वरून पाणी घालतो. पाणी सोपा रस्ता धरतं. ते गोळ्याच्या भोवतालच्या भुसभुशीत भागातून सरसर खाली जातं, तळातून बाहेर पडतं. आपल्याला वाटतं भरपूर झालं. गोळा आतून कोरडाच. पश्चिमेच्या, पाऊस झेलणाऱ्या गॅलरीत याच्या उलट होतं. रोज भिजून गोळा एकदा चिंब झाला की बारीक कणांची माती ते पाणी सोडत नाही, आणि आतली मुळं गुदमरतात. एकाच गोळ्यात एका घरी रोप तहानेनं मरतं आणि वरच्या मजल्यावर बुडून.

म्हणून लावण्याआधी पिशवीसकट रोप अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवावं. बुडबुडे यायचे थांबले की गोळा पूर्ण भिजला. पिशवी ओढून काढायची नाही, दोन्ही बाजूंनी ब्लेडनं उभी चिरायची. मग बोटांनी किंवा जुन्या काट्याच्या चमच्यानं बाहेरची साधारण एक तृतीयांश माती हलकेच सुटी करायची. आतला गाभा तसाच ठेवायचा, सगळी मुळं उघडी पाडायचा हट्ट नको. तळाशी मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसली तर तेवढा वेटोळा कात्रीनं कापून टाकायचा. जीव चरकतो, पण ती मुळं तशीच गोल फिरत राहिली तर नव्या मातीत कधीच जात नाहीत. सुटी झालेली लाल माती फेकू नये. ती नव्या मिश्रणात मिसळली की आतला आणि बाहेरचा भाग एकमेकांना इतके परके राहत नाहीत, आणि पाणी दोन्हीकडे जातं.

मिश्रण आम्ही घमेल्यानं मोजतो. एक घमेलं माती, एक घमेलं भिजवून पिळलेलं कोकोपीट, अर्धं घमेलं गांडूळखत, दोन मुठी निंबोळी पेंड. काकूंच्या पश्चिमेच्या गॅलरीसाठी कोकोपीट निम्म्यावर आणलं आणि तेवढीच जाड वाळू घातली, कारण कोकोपीट पाणी धरून ठेवतं आणि तिथे धरून ठेवण्याची गरजच नाही. कोकोपीटची वीट पहिल्यांदा भिजवल्यावर ते पाणी ओतून द्यावं, पुन्हा एकदा धुवावं. नारळाच्या भुश्यात क्षार असतात, आणि स्वस्त विटा बऱ्याचदा न धुतलेल्या येतात. पानांच्या कडा करपल्यासारख्या झाल्या की लोक खताला दोष देतात, दोष न धुतलेल्या विटेचा असू शकतो.

कुंडी किती मोठी? ५×७ च्या रोपाला सहा ते आठ इंचाची, त्याहून मोठी नाही. 'पुन्हा पुन्हा बदलायला नको' म्हणून लहान रोप थेट चौदा इंची कुंडीत लावलं तर त्याची मुळं जेमतेम चहाच्या कपाएवढ्या जागेत असतात आणि बाकीची माती पावसाळाभर ओलीच राहते, कारण तिच्यातलं पाणी प्यायला कुणी नसतं. ती आंबते. सोनटक्का मात्र याला अपवाद. त्याचे गड्डे आडवे पसरतात आणि त्याला पाय ओले ठेवायला आवडतं, म्हणून तो आम्ही सरळ बारा इंची पसरट कुंडीत लावला. कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर घालायची पद्धत सर्रास आहे आणि तिचा काही उपयोग होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या खड्यांत सहजी उतरत नाही, माती पूर्ण भिजेपर्यंत ते वरच अडून राहतं. म्हणजे खडे घालून आपण ओलीचिंब पातळी मुळांच्या आणखी जवळ आणतो. भोकावर एक खापराचा तुकडा किंवा जाळीचा चौकोन ठेवला की झालं, तोही माती वाहून जाऊ नये म्हणून.

लावताना रोपाचा पिशवीतला मातीचा माथा आणि कुंडीतला माथा एकाच पातळीला ठेवावा. काकूंनी लिंबू दोन बोटं खोल लावलं होतं, 'घट्ट बसावं' म्हणून. दुसऱ्या दिवशी काढून वर घेतलं. बुंध्याची साल ओल्या मातीत गाडली गेली तर पावसाळ्यात तिथूनच कूज सुरू होते, आणि ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

कुंडीखालच्या बशा जून ते सप्टेंबर काढून टाकाव्यात. साठलेलं पाणी मुळं नासवतं, आणि डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. बशा काढल्या की ओघळ खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीवर जातात, हे मलाही माहीत आहे. पूर्वेच्या गॅलरीत मी सकाळी लवकर, थोडं थोडं पाणी घालतो आणि मग खाली डोकावून बघतो. अजून तरी भांडण झालेलं नाही.

आता पहिला महिना. खत काहीही नको. मिश्रणात गांडूळखत आहे तेवढं पुष्कळ, आणि दुखावलेल्या मुळांना वरून दाणेदार खत दिलं तर ती जळतात. पाणी मात्र रोज तपासायचं, घालायचं असं नाही. बोट दोन पेरं मातीत घालावं, तेही कडेला नाही, बुंध्याजवळ, जिथे जुना गोळा आहे. कडेची माती ओली आणि गोळा कोरडा, असं पहिल्या पंधरा दिवसांत हमखास आढळतं. तसं असेल तर कुंडीच टबात वीस मिनिटं ठेवावी, वरून कितीही ओतलं तरी उपयोग नाही. लहान कुंडी उचलून तिचं वजन हाताला ओळखीचं करून घ्यावं. आठवड्यात कळायला लागतं.

पानं माना टाकतात ती दोन्ही कारणांनी, म्हणून लोक गोंधळतात. तहानलेलं रोप दुपारी मरगळतं आणि संध्याकाळी पाणी दिलं की तासाभरात उभं राहतं. त्याची पानं पातळ, कुरकुरीत वाटतात आणि कुंडी हलकी लागते. बुडालेलं रोप सकाळीही मरगळलेलंच असतं. खालची पानं मऊ पडून पिवळी होतात, मातीला आंबूस वास येतो, कुंडीवर बारीक चिलटं घोंघावतात. अशा वेळी आणखी पाणी देणं हा शेवटचा घाव. कुंडी पावसाबाहेर घ्यायची, माती टोकदार काडीनं उकरायची, आणि दोन दिवसांत फरक नसेल तर रोप काढून काळी, लिबलिबीत मुळं कापून कोरड्या मिश्रणात पुन्हा लावायचं. यातून दोनातलं एक वाचतं, असा माझा अनुभव. कढीपत्त्याचं मात्र निराळं आहे. तो नव्या जागी आल्यावर कधीकधी सगळी पानं गाळतो आणि नुसती काडी उरते. नखानं साल किंचित खरवडून बघावी. आत हिरवं असेल तर तो जिवंत आहे, त्याला सोडून द्यावं. यंदाचा आमचा दहा दिवस असाच काडी होऊन उभा होता.

श्रावण लागला आणि ऊनपाऊस सुरू झाला की नर्सरीचा दुसरा निरोप येतो, झेंडूच्या रोपांचा. दसऱ्याला फूल हवं असेल तर रोपं दीड-दोन महिने आधी कुंडीत हवीत, म्हणून तो निरोप आल्या दिवशीच उत्तर द्यावं, आठवड्यानं नाही. झेंडूला पूर्ण ऊन लागतं, तेव्हा आमची गॅलरी बाद. ती ऑर्डर काकूंची. गुलाबाचं मी यंदा विचारलं होतं. ताईंनी लिहिलं, "आत्ता घेऊ नका. पावसात पानांवर काळे ठिपके पडतात आणि सगळी पानं गळतात. दिवाळीनंतर देते." पैसे घ्यायचे सोडून नको म्हणणारा दुकानदार क्वचित भेटतो, म्हणून तो निरोप मी जपून ठेवला आहे.

परवा सोनटक्क्याला नवा कोंब आला, मातीतून बोटभर वर. काकूंच्या लिंबाला दोन नवी पानं. मोगऱ्याला काही नाही. काकूंनी ताईंना फोन केला, "फोटोत तर किती कळ्या होत्या!" तिकडून उत्तर आलं, "काकू, तो फोटो एप्रिलमधला आहे. पाऊस संपला की पाणी तोडा, थंडीत छाटा आणि मला मार्चमध्ये फोन करा."